तव्याची लिंक आणि साठ रुपये

ऑक्टोबर २०२१पर्यंत इन्स्टाग्रामच्या स्टोरीत लिंक टाकायची, तर खातं व्हेरिफाइड असावं लागे किंवा त्याचे निदान १०,००० फॉलोअर असावे लागत. त्या महिन्यात कंपनीने ही अट काढली आणि लिंकचं स्टिकर सगळ्यांना खुलं केलं. पुढे एप्रिल २०२३मध्ये प्रोफाइलवर एकाऐवजी पाच लिंक देण्याची सोय झाली. तोवर ‘अमुक वस्तू मी वापरते, इथे मिळेल’ असं सांगून कमिशन कमावणं हे प्रामुख्याने मोठ्या खात्यांचं काम होतं. आता तीन-चार हजार फॉलोअर असलेली गृहिणी, सह्याद्रीतल्या वाटा तुडवणारा कॉलेजचा मुलगा, गच्चीवर भाजीपाला पिकवणारे निवृत्त शिक्षक यांनाही ते करता येऊ लागलं.

मूळ कल्पना जुनी आहे. ॲमेझॉनने जुलै १९९६मध्ये ‘असोसिएट्स’ नावाचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा ती कंपनी फक्त पुस्तकं विकत होती. आपल्या वेबसाइटवर एखाद्या पुस्तकाबद्दल लिहा, खाली लिंक द्या, त्या वाटेने कोणी खरेदी केली तर विक्रीतला हिस्सा तुमचा, असा तो व्यवहार. आज भारतात ॲमेझॉनचा हाच कार्यक्रम चालतो. यूट्यूबनेही ऑक्टोबर २०२४मध्ये फ्लिपकार्ट आणि मिंत्रा यांच्यासोबत भारतात असाच कार्यक्रम सुरू केला. याला बोलीत ‘ॲफिलिएट’ म्हणतात, कोणी ‘रेफरल लिंक’ म्हणतं.

या विषयावर ‘घरबसल्या लाखो कमवा’ छापाचे व्हिडिओ पुष्कळ सापडतात. चार हजार फॉलोअर असलेल्या खात्याला प्रत्यक्षात किती मिळतं आणि त्यासाठी काय काय पाळावं लागतं, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो एका वस्तूच्या आधाराने मांडता येतो. वस्तू आहे बीडाचा तवा.

असं समजा, की साताऱ्याकडच्या एका बाईंचं इन्स्टाग्रामवर स्वयंपाकाचं खातं आहे. फॉलोअर ४,०००. त्यातल्या बऱ्याचजणी ओळखीच्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या. घावन आणि आंबोळ्या करताना त्यांच्या रीलमध्ये बीडाचा तवा दिसतो आणि खाली प्रश्न येतात, ‘ताई, तवा कुठला घेतला?’ तवा त्यांनी स्वतःच्या पैशांनी ऑनलाइन घेतलेला आहे आणि चार महिने वापरला आहे. आता त्या लिंक द्यायचं ठरवतात.

नोंदणी केली की त्यांना एक ओळखखूण मिळते. ॲमेझॉनच्या भारतातल्या लिंकमध्ये ती `tag=` या शब्दानंतर येते आणि तिच्या शेवटी `-21` असतं. समोर आलेली लिंक कमिशनची आहे का, हे वाचणाऱ्यालाही यावरून कळतं. लिंक उघडल्यावर ब्राउझरच्या पत्त्यात `tag=` दिसलं, की मधे कोणीतरी आहे असं समजावं. लिंकवर बोट ठेवल्यापासून चोवीस तास ही खूण जिवंत राहते. त्या वेळात ग्राहकाने जे विकत घेतलं, त्यावर कमिशन मिळतं, मग तो तवा असो वा दुसरंच काही. वस्तू नुसती टोपलीत टाकून ठेवली, तर जास्त मुदत मिळते. महिन्याच्या अहवालात म्हणूनच बाईंना शाळेच्या वह्या आणि उंदराचा पिंजराही दिसू शकतो. काय विकलं गेलं ते त्यात दिसतं, कोणी घेतलं हे दिसत नाही.

कमिशन मिळतं ते कर आणि घरपोच पाठवण्याचा खर्च वगळून उरलेल्या किमतीवर. दर वस्तूच्या वर्गानुसार बदलतो. मोबाइल फोनवर तो फार कमी असतो, घरगुती वापराच्या वस्तूंवर त्याहून बरा. हिशेबापुरती तव्याची कर वगळून किंमत १,००० रुपये आणि दर ६ टक्के धरू. म्हणजे एक तवा विकला गेला, की साठ रुपये.

आता रील टाकलं. तीन हजारजणांनी पाहिलं, असं धरू. या आकाराच्या खात्याला ते बरं म्हणायचं. रीलखालच्या मजकुरात दिलेल्या लिंकवर बोट ठेवून काही उघडत नाही, त्यामुळे पाहणाऱ्याला प्रोफाइलवर किंवा स्टोरीत जावं लागतं, आणि तिथेच बहुतेकजण गळतात. स्टोरी पाहिली चारशेजणांनी, तिच्यातून वीसजण लिंकवर गेले. प्रोफाइलवरून आठवडाभरात आणखी चाळीस. एकूण साठ. त्यातल्या दर वीसांमागे एकाने खरेदी केली, तर तीन तवे. त्यातला एक परत गेला, कारण बीडाचा तवा जड असतो आणि हातात आल्यावरच काहींना ते कळतं. वस्तू परत गेली की कमिशनही परत जातं. उरले दोन तवे, १२० रुपये. त्याच लोकांनी त्या चोवीस तासांत इतर सटरफटर अडीच हजारांचं घेतलं आणि त्यावर सरासरी ४ टक्के मिळाले, तर आणखी १०० रुपये. एका रीलचे झाले २२०.

यातले आकडे मानलेले आहेत आणि कोणाच्या बाबतीत ते दुप्पट किंवा निम्मे निघतील. पण गुणाकाराची रीत तीच राहते. असे चार रील महिन्याला जमले तर नऊशेच्या आसपास, दिवाळीच्या आधीच्या सेलमध्ये दोन-अडीच हजार, उन्हाळ्याच्या सुट्टीत दोनशे. वर्षाकाठी दहा-बारा हजार रुपये हाती लागले, तर या आकाराच्या खात्याने चांगलं काम केलं असं म्हणावं. त्यातून तव्याची, गॅसची आणि रील संपादित करण्यात गेलेल्या संध्याकाळींची किंमत वजा करायची आहे. शिवाय पैसे लगेच येत नाहीत. परताव्याची मुदत उलटावी लागते, म्हणून महिना संपल्यानंतर साधारण साठ दिवसांनी आणि ठरावीक किमान रक्कम जमली तरच ते खात्यात पडतात. नोंदणीनंतर १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत, तर ॲमेझॉन अर्ज बंद करते. आपल्याच लिंकवरून आपणच खरेदी करून हे तीन पुरे करता येत नाहीत, ते नियमांत बसत नाही.

दरही कायमचे नसतात. २१ एप्रिल २०२० रोजी ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या वस्तूंवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं, किराण्याचं ५वरून १वर. या उत्पन्नावर घर चालवणाऱ्यांना तयारीला फारसा अवधी मिळाला नाही. आणखी एक गळती दिसतही नाही. ग्राहकाने शेवटच्या ज्या लिंकवर बोट ठेवलं तिच्या मालकाला कमिशन, असा सर्वसाधारण नियम आहे. डिसेंबर २०२४मध्ये एका यूट्यूबरने व्हिडिओ करून आरोप केला, की पेपालच्या मालकीचं ‘हनी’ हे कूपन शोधून देणारं साधन पैसे भरायच्या पायरीवर मूळ शिफारस करणाऱ्याची खूण काढून आपली लावतं. पेपालचं म्हणणं होतं, की आपण या क्षेत्रातले रूढ नियम, शेवटच्या क्लिकच्या नियमासह, पाळतो. प्रकरण अमेरिकी न्यायालयांत गेलं. साताऱ्याच्या बाईंसाठी यातली कामाची गोष्ट एवढीच, की त्यांचा रील पाहून तवा घेणारी प्रत्येक व्यक्ती त्यांच्या अहवालात येईलच असं नाही. कोणी लिंकवर जाऊन आलं आणि दोन दिवसांनी थेट ॲपमध्ये शोधून तवा घेतला, तरी साठ रुपये बुडाले.

उत्पन्न इतकं थोडं असताना प्रामाणिकपणाचा प्रश्न कशाला काढायचा, असं वाटू शकतं. पण मोह रकमेच्या आकाराने ठरत नाही, दोन वस्तूंमधल्या फरकाने ठरतो. हाच बीडाचा तवा साताऱ्या-कोल्हापुराकडच्या आठवडी बाजारात किंवा भांड्यांच्या जुन्या दुकानात मिळू शकतो, अनेकदा स्वस्त, आणि तिथे तो उचलून, उलटवून, तळ सपाट आहे की नाही ते पाहून घेता येतो. हे रीलमध्ये सांगितलं तर निम्म्या बायका बाजारात जातील आणि कमिशन शून्य होईल. न सांगितलं तर खोटं काहीच बोललेलं नसतं, पण पाहणारीला जे सगळ्यात उपयोगी होतं तेच गाळलेलं असतं. शिफारस खरी आहे की नाही याची कसोटी इथे लागते. बाईंनी आधी ‘बाजारात मिळाला तर तिथूनच घ्या, पुण्या-मुंबईत किंवा बाहेरगावी मिळत नसेल तर ही लिंक’ असं म्हटलं, तर त्यांच्या लिंकवर येणारी माणसं कमी होतील. पण जी येतील त्यांना ती वस्तू खरोखर हवी असेल आणि परत जाणारे तवेही कमी होतील.

दोषांचंही तसंच. बीडाचा तवा पहिल्या दहा-बारा घावनांना चिकटतो. तेल लावून तापवण्याचा सोपस्कार दोन-तीनदा करावा लागतो, मगच तो सुटा होतो. ‘आधीच सीझन केलेला’ असं खोक्यावर छापलेलं असलं तरी बहुधा करावा लागतोच. धुऊन ओला ठेवला की सकाळी तांबूस गंज दिसतो. चिंच किंवा टोमॅटो घातलेला पदार्थ त्यावर बराच वेळ ठेवला की काळपट होतो आणि तव्यावरचा तेलाचा थर निघतो. मनगट दुखणाऱ्या वयस्कर बाईला तो उचलवत नाही. ही माहिती चार महिने वापरल्याशिवाय येत नाही, आणि वस्तूच्या पानावरून उतरवून काढलेल्या शिफारशीत ती नसते. रीलमध्ये असं एकही वाक्य नसेल, तर पाहणाऱ्याने सावध व्हावं.

हे मोठ्या प्रमाणावर चालू शकतं, याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. ब्रायन लॅम यांनी २०११मध्ये ‘वायरकटर’ नावाचं संकेतस्थळ काढलं. एका वर्गातल्या अनेक वस्तू वापरून, तपासून त्यातली एकच निवडायची आणि लिंकवरच्या कमिशनवर चालायचं, ही त्याची पद्धत. ऑक्टोबर २०१६मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे ३ कोटी डॉलरना विकत घेतलं. तिथे वस्तू निवडणाऱ्यांना कमिशनच्या व्यवहारापासून वेगळं ठेवलं जातं. घरून खातं चालवणाऱ्या एकट्या बाईंना अशी भिंत घालता येत नाही. तिच्या जागी त्यांना एक साधी शिस्त पाळता येते: आधी वापरायचं, मत लिहून काढायचं आणि त्यानंतरच कमिशनचा तक्ता उघडायचा.

आता सांगण्याची बाब. कमिशन मिळणार आहे हे सांगायचं, पण कुठे आणि कोणत्या शब्दांत? भारतात याबद्दल दोन चौकटी आहेत. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे ॲस्की, ही जाहिरात क्षेत्राने १९८५मध्ये स्वतःहून उभी केलेली मुंबईची संस्था. तिची इन्फ्लुएन्सरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं १४ जून २०२१पासून लागू झाली. दुसरी चौकट कायद्याची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखाली जून २०२२मध्ये निघालेली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची तत्त्वं. त्यानंतर २० जानेवारी २०२३ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी एक सोपी पुस्तिकाही काढली. या सगळ्यांच्या मुळाशी एकच विचार आहे: शिफारस करणारा आणि विकणारा यांच्यात असा काही संबंध असेल, की जो कळल्यावर ऐकणाऱ्याचं मत बदलू शकेल, तर तो उघड करायचा. पैसे, फुकट वस्तू, सवलत, नातं, नोकरी हे सगळं त्यात येतं. स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या तव्याबद्दल नुसतं बोललं तर ती जाहिरात नव्हे. पण त्याखाली कमिशनची लिंक लावली की संबंध तयार झाला.

सगळ्यात जास्त चूक होते ती जागेबाबत. प्रोफाइलवर ‘काही लिंकांवर कमिशन मिळते’ असं एकदा लिहून ठेवणं ॲस्कीला पुरेसं वाटत नाही, कारण रील पाहणारी बहुतेक माणसं प्रोफाइल उघडतच नाहीत. मजकुराच्या शेवटी हॅशटॅगच्या गर्दीत कुठेतरी ‘ॲड’ लपवणंही चालत नाही. सूचना शिफारशीच्या भाषेत असावी, असं सरकारी पुस्तिका सांगते. रील मराठीत आणि सूचना इंग्रजीत, तीही बारीक अक्षरांत, हे त्यामुळे बसत नाही. व्हिडिओत किती वेळ दिसावी याचंही ॲस्कीचं माप आहे. पंधरा सेकंदांहून छोट्या व्हिडिओत निदान तीन सेकंद, पंधरा सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत एकूण लांबीच्या एक तृतीयांश, आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत वस्तूबद्दल बोलणं चालू आहे तो पूर्ण भाग. बाईंचा रील बेचाळीस सेकंदांचा असेल तर चौदा सेकंद.

म्हणजे त्यांच्या रीलवर सुरुवातीपासून ठसठशीत अक्षरांत ‘जाहिरात’ असं यावं, आणि खालच्या मजकुराची पहिलीच ओळ, ‘आणखी वाचा’ येण्याच्या आधी, अशी असावी: ‘जाहिरात. तवा मी माझ्या पैशांनी घेतला आहे. स्टोरीतल्या किंवा प्रोफाइलवरच्या लिंकवरून तुम्ही काही घेतलंत तर मला कमिशन मिळतं.’ स्टोरीत हेच स्टिकरच्या शेजारी, त्याच पडद्यावर. ॲमेझॉनला याशिवाय आपलं ठरलेलं वाक्य हवं असतं: `As an Amazon Associate I earn from qualifying purchases.` ते खाली जोडावं, पण मराठी ओळीच्या ऐवजी नव्हे. ‘ॲफिलिएट लिंक’ एवढंच लिहून भागेल असं काहींना वाटतं. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने तर स्पष्टच म्हटलं आहे, की हा शब्द पुष्कळ ग्राहकांना कळत नाही, म्हणून नुसता पुरेसा नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात बसून मराठी रील करणाऱ्यांना तिथले हे नियम लागू होतात.

कायद्यात दंड मोठा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा घडलं तर पन्नास लाखांपर्यंत; शिवाय एक वर्ष, नंतर तीन वर्षांपर्यंत शिफारस करायलाच बंदी घालू शकतं. मात्र जाहिरातीतल्या दाव्याची खातरजमा करण्यात योग्य ती काळजी घेतली असेल, तर शिफारस करणाऱ्यावर हा दंड येत नाही. छोट्या खात्यासाठी ती काळजी म्हणजे काय? खरेदीचं बिल जपून ठेवायचं, वापरलेल्या वस्तूचेच फोटो दाखवायचे, आणि विक्रेत्याचा दावा आपल्या तोंडून बोलायचा नाही. तव्याच्या बाबतीत धोक्याचं वाक्य कोणतं ते सांगता येतं: ‘यात स्वयंपाक केला की हिमोग्लोबिन वाढतं.’ लोखंडी भांड्यातून अन्नात, विशेषतः आंबट पदार्थांत, थोडं लोह उतरतं हे खरं आहे. त्यावरून रक्तक्षयावर उपाय सुचवणं ही वेगळी गोष्ट झाली. आरोग्याविषयीच्या अशा दाव्यांसाठी ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने आणखी कडक सूचना काढल्या आहेत. घावन सुटा निघतो, हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेवढंच त्यांनी सांगावं.

दुसरी अडचण घरातलीच. मावशी, जाऊ, सोसायटीच्या गटातल्या मैत्रिणी म्हणतात, ‘लिंक व्हॉट्सॲपवर टाक ना.’ ॲमेझॉनच्या नियमांत ईमेल, पीडीएफ, छापील पत्रक अशा ठिकाणी लिंक द्यायला मनाई आहे, आणि लिंक ज्या खात्यांवर दिली जाते ती खाती नोंदणीत दाखवावी लागतात. बंद गट त्यात बसत नाही. ‘माझ्या लिंकवरून घेतलंत तर पन्नास रुपये परत देईन’ हेही चालत नाही. किंमत रीलमध्ये बोलून सांगू नये, कारण ती दिवसात दोनदा बदलू शकते आणि आठवड्याने पाहणाऱ्याला खोटी वाटते. गटात मावशीला उत्तर द्यायचं असेल तर वस्तूचं नाव आणि मापं लिहावीत, साधी, बिनखुणेची लिंक द्यावी. साठ रुपये जातात, खातं राहतं.

पैसे आले की ते उत्पन्नच असतं, बक्षीस नव्हे, आणि विवरणपत्रात दाखवावं लागतं. एका कंपनीकडून वर्षाला २०,००० रुपयांहून जास्त कमिशन गेलं तर सध्या २ टक्के कर आधीच कापला जातो. पॅन दिलेला नसेल तर कपात कितीतरी जास्त होते. बारा हजार मिळवणाऱ्या बाईंचं काही कापलं जाणार नाही, पण बिलं आणि महिन्याचे अहवाल एका वहीत ठेवलेले बरे.

आणि लिंक दिल्यावर काम संपत नाही. स्टोरी ‘हायलाइट’मध्ये जपली की ती दोन वर्षांनीही कोणीतरी उघडतं. तोवर त्या पानावर विक्रेता बदललेला असू शकतो, दुसऱ्या कारखान्याचा पातळ तवा त्याच नावाने आणि जुन्याच पाचशे अभिप्रायांसह विकला जात असू शकतो. हे ओळखायला अवघड नाही: सगळ्यात ताजे दहा अभिप्राय वाचावेत, वजन आणि व्यासाचे आकडे आपल्या तव्याशी ताडून पाहावेत, विक्रेत्याचं नाव जुन्या बिलाशी जुळतं का ते बघावं. दर तीन महिन्यांनी असा फेरा मारला, तर चाळीस लिंकांचं काम एका दुपारचं. वजन जुळलं नाही, तर लिंक काढायची आणि त्या जागी लिहायचं, ‘मी घेतलेला तवा आता इथे मिळत नाही.’